पाचदा ओवलेली तार

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. अकोल्यात जठारपेठेत माझं छोटं वर्कशॉप आहे. मी यंत्रांना ताब्यात ठेवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवते. स्वतःच्या डोक्यातून काढलेली पहिली सहा कार्डं मी अकोटच्या एका जिनिंग कारखान्यात बसवली होती, आणि आठव्या दिवशी शेठजींनी फोन करून सांगितलं, "ताई, तुमची कार्डं काढून न्या. आम्ही हातानंच कापूस सोडू."

मी सकाळच्या एसटीनं पोचले. काम साधं होतं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनच्या मोटरवर भार वाढला की तिचा करंट वाढतो. कार्डानं तो करंट वाचायचा आणि जास्त झाला की वरच्या फीडरमधून पडणारा कापूस कमी करायचा, कमी झाला की वाढवायचा. पण माझे फीडर दचकत होते. क्षणभर गुमसुम, मग एकदम झटका, पुन्हा गुमसुम.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "पोरी, थे कार्ड काही चुकून नाही राहिलं, पण त्याले नीट दिसूनच नाही राहिलं."

मला राग आला. मी झटके कमी करायला कार्डाची प्रतिक्रिया मंद केली. तर ओलसर कापसाचा गोळा आला, फीडर वेळेवर मागे सरला नाही आणि जिन तुंबलं. शेठजी घड्याळ पाहून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत वेळ देतो."

मग मी लॅपटॉप जोडला आणि कार्डाला काय दिसतं ते पाहिलं. दिसत होत्या पायऱ्या. मोटरचा करंट हळूहळू चढतो, पण कार्ड तो आकड्यांत मोजतं आणि माझ्या आठ बिटांच्या कार्डाकडे सगळे मिळून दोनशे छपन्न आकडे. सुरू होताना मोटर चाळीसच्या आसपास अँपिअर ओढते, म्हणून मी ऐटीत पन्नास अँपिअरपर्यंत मोजणारा सेन्सर आणला होता. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना मोठी वस्तू असली की बरं वाटतं. पण चालू मोटर तर पाच ते सात अँपिअरमध्येच खेळते! दर पायरी अँपिअरचा पाचवा हिस्सा, म्हणजे सारा खेळ दहा पायऱ्यांत. पायरीच्या आत करंट बदलला तरी कार्ड आंधळं, आणि पायरी ओलांडली की त्याला वाटे, बाप रे, केवढा बदल झाला! म्हणून तो झटका. मिस्त्री बरोबर होते. मी कपाळाला हात लावला.

बारीक मोजणारं नवं कार्ड त्या दिवशी कुठून आणणार? मला माझे बाबा आठवले. वलगावात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. करंट फार थोडा असला तर ते तारेला चिमट्यासारखं धरून करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरच्या तोंडातून तीच तार चार-पाचदा फिरवून घेत, म्हणजे काटा तितक्या पटीनं सरके. लहानपणी मी ते रोज पाहिलं आणि कॉलेजात जाऊन विसरले.

मिस्त्रींनी मोटर बंद केली. मी तिची एक तार सेन्सरच्या भोकातून एकदाऐवजी पाचदा ओवली. आता दहा अँपिअरलाच मोजमाप भरत होतं आणि तेवढ्याच खेळाला पन्नास पायऱ्या मिळाल्या. सुरू केलं तर फीडर मिटूनच बसला! वाचन पाचपट झालेलं, मी प्रोग्राममध्ये पाचानं भागलंच नव्हतं. भागलं, प्रतिक्रिया पहिल्यासारखी तेज केली आणि पुन्हा सुरू केलं.

फीडर सावकाश उघडला, सावकाश मिटला. कापूस एकसारखा पडू लागला. ओला गोळा आला तेव्हा फीडर मागे सरला आणि पुन्हा पुढे आला. शेठजी बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "उरलेल्या पाचांतही तार ओवून घ्या. कार्डं राहू द्या." मला अभिमान वाटला आणि मी लगेच दुसऱ्या मशीनकडे वळले.

सहावं मशीन झाल्यावर अंगणात येऊन बाबांना फोन लावला. त्यांनी आयुष्यात मला कधी शाबासकी दिली नव्हती. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "चालू होताना करंट सहापट जाते. तेवा तुह्या कार्डाले काय दिसते?"

"काहीच नाही दिसत, बाबा. आकडा वरच्या टोकाला अडकतो. म्हणून मोटर स्थिरावेपर्यंत फीडर बंदच ठेवलाय. अन् जास्तीचा व्होल्टेज अडवणारा झेनरही आहे कार्डावर."

पलीकडून ते दुकानातल्या कोण्या गिऱ्हाइकाला सांगताना ऐकू आले, "थांबा जरा. माह्या पोरीसंग कामाचं बोलून राहिलो."