राग येण्याचा प्रयत्न

आमचे अण्णा कोणालाही नाही म्हणत नाहीत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीत बसून त्यांनी अख्खी नोकरी काढली. माणूस भांडायला यायचा आणि अण्णांचं 'होईल, बघतो' ऐकून गार होऊन जायचा. पाणी यायचं की नाही, ते नळालाच ठाऊक. निवृत्त झाले, मग आई गेली, आणि घरात मी, माझी धाकटी बहीण आणि अण्णा एवढेच उरलो. मी दिवसभर दवाखान्यात लोकांचे नंबर लावते, त्यामुळे घरी आल्यावर माझं डोकं ठिकाणावर नसतं, हे आधीच सांगून ठेवते.

धाकटीला आम्ही भिंगरी म्हणतो. ती कधी एका जागी बसली असेल तर शपथ. भाषाशास्त्रात पीएचडी करायला घेतली आणि आम्हाला वाटलं, आता तरी बसेल. कसलं काय. पुस्तक हातात, पाय गॅलरीत आणि तोंडाचा पट्टा चालू. विषय काय, तर 'मला राग आला' यातला 'मला'. मी म्हटलं, एवढ्यासाठी पाच वर्षं?

तिने मला गॅस बंद करायला लावून समजावलं. 'मी रागावले' म्हटलं की कर्ता मी, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण 'मला राग आला' यात क्रियापद माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी बाई, तरी 'आला' म्हणायचं, कारण आला तो राग. 'मला पुस्तकं आवडतात' यात 'आवडतात' आलं ते पुस्तकांमुळे. म्हणजे क्रियापदाला विचारलं तर मी कर्ता नाही. पण वाक्यात बाकीच्या गोष्टी कर्त्यासारख्या वागतात, त्याच तिला सिद्ध करायच्या होत्या. त्यासाठी ती वाक्यांच्या जोड्या करून लोकांना विचारायची. ताईने अण्णांना आपला चष्मा दिला. चष्मा कोणाचा? ताईचा. अण्णांना आपला चष्मा सापडला. आता कोणाचा? अण्णांचा. दोन्हीकडे 'अण्णांना'च, पण पहिल्या वाक्यात अण्णा नुसते घेणारे, म्हणून 'आपला' त्यांच्याकडे जात नाही. दुसऱ्यात जातो. तसंच, घरी येऊन आईने मला चहा दिला, यात घरी आली आई. घरी येऊन मला बरं वाटलं, यात घरी आले मी. 'मला' तोच, पण जिथे काही वाटतं, आवडतं, सापडतं, तिथे तो 'मला' कर्त्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. ऐकून मला पटलं, आणि पटलं याचाच राग आला.

ही वाक्यं बरोबर वाटतात का, हे लोकांना विचारायचं असतं. त्यात तिचा पहिला माणूस म्हणजे अण्णा. रोज सकाळी चहा झाला की गॅलरीतल्या खुर्चीत अण्णा बसायचे, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला ते ड्यूटी म्हणायचे. भिंगरी समोरच्या स्टुलावर बसून एकेक वाक्य वाचायची आणि अण्णा डोळे मिटून म्हणायचे, "चालतं." दिवसातला तेवढाच वेळ ती एका जागी बसायची. मी डबा भरता भरता बघायचे आणि मला बरं वाटायचं, कारण आई गेल्यापासून अण्णा खिडकीतून रस्ता बघत बसायचे, ते थांबलं होतं.

प्रबंध द्यायची तारीख जवळ आली. तो वेळेत दिला तर एका कॉलेजात तिची नोकरी ठरल्यात जमा होती, आणि नाही दिला तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. अण्णांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीच सांगून टाकलं होतं. त्याच सुमाराला ती एका संध्याकाळी तिच्या मार्गदर्शक बाईंकडून आली ती चपला न काढता घरभर फिरायला लागली. स्वयंपाकघर, गॅलरी, पुन्हा स्वयंपाकघर. विचारलं तर "काही नाही." पुन्हा विचारलं तर "काही नाही म्हटलं ना ताई." शेवटी मी तिच्या वाटेत स्टूल ठेवलं आणि बस म्हटलं, तेव्हा बोलली.

तिच्या प्रबंधातल्या मोठ्या प्रकरणाचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा होता. 'तिने राग येण्याचा प्रयत्न केला.' वाक्यात दिसत नाही पण आत धरलेली असते, अशा जागी फक्त खरा कर्ताच बसू शकतो. 'तिने पळण्याचा प्रयत्न केला' यात पळणारी तीच, ते वेगळं सांगावं लागत नाही. तसं रागाचंही चाललं, तर 'तिला' हा पुरता कर्ता ठरणार होता, कुठेच कमी न पडणारा. आजवर असं कोणी म्हटलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, हे वाक्य काही लोकांना चालतं. बाईंनी एवढंच विचारलं होतं की हे काही लोक कोण? बाकी सगळ्यांनी नाक मुरडलं होतं. चालतं म्हणणारे एकटे अण्णा होते.

"आणि मी अण्णांना कधी चुकीचं वाक्य दिलंच नाही," ती म्हणाली. बाकीच्या लोकांना विचारताना ती अधूनमधून उघड चुकलेली वाक्यं पेरायची, म्हणजे माणूस नीट ऐकतोय की नुसती मान हलवतोय ते कळतं. घरच्या माणसाला कशाला तपासायचं, म्हणून अण्णांना पेरली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती पेरली. मी डबा भरायचा थांबवून दारात उभी राहिले. पहिलं वाक्य होतं, 'मी भूक लागले.' अण्णा म्हणाले, "चालतं." मग 'पुस्तकाला ताई वाचली.' अण्णांनी जरा डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालतं की. चालायला काय झालं?" भिंगरीने हसून पुढचं वाचलं. आमच्या दोघींच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि अण्णा खुशीत ड्यूटी करत होते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. बाईंनी तिला सांगितलं होतं की त्या वाक्याने तसंही काही सिद्ध होत नाही. प्रयत्न करायला मनात आणावं लागतं आणि राग कोणी मनात आणून आणत नाही, तो येतो. म्हणजे वाक्य फसतं ते अर्थामुळे, कर्ता असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. मनात आणायची गरज नसते अशी वाक्यं शोधायला हवीत. 'राग येऊन ती उठून गेली' घ्या, ते सगळ्यांना चालतं, आणि तिथे 'तिला' न दिसता आत बसलेला आहेच. म्हणजे प्रकरण मेलं नव्हतं, पण ते मुळापासून पुन्हा लिहायला हवं होतं, नव्या माणसांना विचारून. त्याला महिने लागणार होते आणि तारीख मंगळवारची होती. प्रबंध तसाच द्यायचा की नाही हे बाईंनी तिच्यावर सोडलं.

मी तर स्पष्ट सांगितलं, देऊन टाक. एक वाक्य कोण बघतंय? परीक्षक काय तुझ्या गॅलरीत येऊन बसणारेत? तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा चालायला लागली. जेवताना उठायची, बोलता बोलता गप्प व्हायची. मीही चिडचिडी झाले. दवाखान्यात एका म्हाताऱ्या बाईंवर ओरडले आणि मग त्यांची माफी मागितली.

सोमवारी सकाळी अण्णा नेहमीप्रमाणे शर्ट घालून बसले. भिंगरी कागद न घेताच गेली. तिने सगळं सांगितलं. पेरलेली वाक्यं, बाकीच्यांचं म्हणणं, प्रबंधातले 'काही लोक'. चिडून सांगितलं नाही, पण काही लपवलंही नाही. अण्णांचा चेहरा उतरला. मला वाटलं, हे आता चहा मागतील आणि विषय संपवतील, नोकरीत असे प्रसंग त्यांनी शेकड्यांनी निभावले होते.

"तुम्हाला ती वाक्यं खरंच चालली का, अण्णा?" तिने विचारलं.

अण्णा बराच वेळ शर्टाचं बटण चाचपत राहिले. "नाही गं," ते म्हणाले. "असं कोण बोलतं? पण नाही म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या कोणाला तरी विचारायला गेली असतीस."

मला रडू कोसळलं. मी आत वळले, नळ सोडला आणि भांडी नसताना हात धुवत उभी राहिले. एवढी वर्षं मला वाटायचं, या माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून लोक याला वापरून घेतात. हो म्हटलं की समोरचं माणूस थोडा वेळ तरी बसतं, असा त्यांचा हिशेब असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि त्यांची खिडकी सुटल्यावर त्यांच्यासमोर बसणारं माणूस एकच उरलं होतं.

नळ बंद केला तेव्हा भिंगरीचा आवाज आला. ती स्टुलावरच होती. तिने विचारलं, "अण्णा, मग उद्या देऊ का तसाच?"

मी दारात आले. मला माहीत होतं ते काय म्हणणार. नोकरीची बातमी त्यांनीच सगळ्यांना सांगितली होती. मनातल्या मनात मी विनवत होते, की म्हणा हो, एकदाचं म्हणा आणि या पोरीच्या पायांना थांबू द्या.

अण्णांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "नाही," ते म्हणाले. मग घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "नको देऊस. माझ्या खोट्यावर नको."

मला वाटलं, भिंगरी आता उठेल, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरेल, दार आपटेल. नोकरी गेली होती, त्या एका शब्दात गेली होती, आणि ते तिघांनाही कळत होतं. अण्णा तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते, ती आता जाणार हे धरून चालल्यासारखे.

ती गेली नाही. चहा निवला, खाली शाळेची बस येऊन गेली, मला कामावर उशीर झाला, आणि ती तशीच त्यांच्यासमोर बसून राहिली.