सोळावी खुंटी

माझ्या थोरल्या जाऊबाई बोलताना माणसाकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात. घराच्या तळमजल्यावर पाळणाघर काढायचं ठरलं तेव्हा आराखडा करतानाही त्यांनी खुर्ची दाराकडे तोंड करून घेतली.

हिशेब माझ्या गळ्यात. जागा सोळा मुलांची. पहिल्या महिन्यात सहा, मग दरमहा दोन. सहाव्या महिन्यात घर भरणार. तीन तान्ह्यांमागे एक बाई लागते, म्हणून त्यांची फी जास्त. दुडदुडणाऱ्या पाचांमागे एक, त्याहून मोठ्या आठांमागे एक. एवढे पगार काही केल्या बसेनात, म्हणून मी मोठ्या मुलांसाठी स्वयंपाकाच्या बाईंनाच धरलं.

"ताई, त्या दिवसभर इथेच तर असतात."

"ओट्यापाशी असतात," म्हणत त्यांनी ती ओळ खोडली. "तिथेही कागदावर सगळं बरोबरच होतं."

'तिथे' म्हणजे त्या आधी कामाला होत्या त्या पाळणाघरात. घरात हा विषय कुणी काढत नाही. तिथेही कागदावर दोन बायका होत्या, पण दुसरी भांडी घासत होती. अंगणातून मुलांना आत घेताना एकट्या पडलेल्या ताईंनी घाईत खुंटीवरची दप्तरं मोजली. बरोबर भरली. दप्तर खुंटीवर होतं आणि मुलगा मागच्या उघड्या टाकीत.

तेव्हापासून त्या रिकाम्या खोलीतही मोजतात. ओठ हलताना दिसतात. मला भीती वाटते आणि रागही येतो.

टाकीला कुलूप बसलं, फाटकाची कडी मुलांच्या हाताबाहेर गेली, नोंदवलेल्या माणसाशिवाय मूल कुणाच्या हाती द्यायचं नाही असं ठरलं. शिवाय एक बदली बाई, एखादी बाई मोरीत गेली तर तिच्या जागी उभी राहायला. "ही खोगीरभरती कशाला?" मी चिडले. फी वाढवूनही खर्च निघायला आता सोळाच्या सोळा मुलं लागणार होती.

आणि पंधरावर ताई अडून बसल्या. येईल त्या आईला एकच उत्तर, "जागा नाही." सोळावी खुंटी रिकामी, आम्ही तोट्यात. शेवटी त्यांना न विचारता मीच एका नर्सबाईंना बोलावलं. त्यांची चार वर्षांची मुलगी धावत आत आली आणि दप्तर थेट त्या खुंटीवर अडकवून मोकळी झाली.

ताई पांढऱ्याफटक पडल्या. आता हाकलणार, असं मला वाटलं. त्यांनी दप्तर काढून माझ्या हातात दिलं, गुडघ्यावर बसल्या आणि मुलीच्या डोक्यावर तळवा ठेवला.

"आधी डोकं," म्हणाल्या. "मग दप्तर. सोळा."

मला रडू आलं. वाटलं, सुटल्या एकदाच्या.

संध्याकाळी सगळी मुलं घरी गेली. मी दिवे मालवायला आले तर ताई दारातच उभ्या, ओठ हलत होते.

"ताई, आता कुणाला मोजताय? सगळी गेली."

"एक राहिलाय गं," त्या म्हणाल्या. "त्याला न्यायला कुणी येत नाही."