थेंबताईची बाटली

ब्युरेटच्या मापनळीतून पडणारा शेवटचा थेंब तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून अख्खं कॉलेज तिला थेंबताई म्हणे. सव्वीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रावणं बनवण्याची नोकरी, आणि जीभ अशी तिखट की प्राध्यापकही जपून बोलत.

आज प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि बाहेरून आलेले परीक्षक भडकले होते. पंचवीस मिली आम्लाला कॉस्टिक सोड्याचं द्रावणही पंचवीस मिलीच लागायला हवं होतं. बाराच्या बारा मुलांचा आकडा सव्वीसच्या वर!

"हात थरथरतात सगळ्यांचे," ते म्हणाले. "शून्य देतो."

शून्य म्हणजे मुलांचं वर्ष वाया. थेंबताईने कागद ओढून घेतले. २६.२, २६.३, २६.१, २६.४... तिची छाती धडधडू लागली. आनंदाने!

"साहेब, थरथरणारा हात कधी जास्त ओततो, कधी कमी. मग कुणाचे चोवीस नऊ आले असते, कुणाचे पंचवीस दोन. इथे एक तरी पंचवीसच्या खाली आहे का?"

"बरं, सरासरी धरू?"

"धरा की! आपापसातला एक-दोन दशांशाचा फरक मिटेल. वरचा सव्वा मिली जागचा हलायचा नाही. बारा ब्युरेट, बारा पिपेट, आम्लही ज्याने त्याने बनवलेलं, डोळेही बारा जणांचे. सगळं एकाच बाजूला, एवढंच कसं चुकेल? सगळ्यांत सामाईक असं एकच..."

ती थांबली. सामाईक होती ती सोड्याच्या द्रावणाची मोठी बाटली. काल तिनेच भरलेली.

आता गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण शोध लागल्यावर गप्प बसणं तिला बापजन्मात जमलं नसतं. तिने तरातरा जाऊन ऑक्झॅलिक आम्लाचं अचूक मापून ठेवलेलं द्रावण आणलं, दहा मिली घेतलं, रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकले आणि बाटलीतला सोडा थेंबथेंब सोडला. दहा मिली पुरायला हवे होते; दहा झाले, रंग नाही. बारा मुलं मान उंचावून बघत होती. साडेदहाला फिकट गुलाबी छटा आली आणि टिकली.

"चूक सापडली!" ती ओरडलीच. "सोडा पातळ आहे! तीव्रता ०.१ नाही, ०.०९५! पोरांचे हात सोन्यासारखे आहेत, साहेब!"

परीक्षकांनी स्वतः हिशेब केला. नव्या आकड्याने बाराही उत्तरं बरोबर आली.

"पण सोडा पातळ कसा झाला?" त्यांनी विचारलं.

"उघड्या बरणीतल्या सोड्याच्या गोळ्यांनी दमट हवेतलं पाणी ओढलं. मी त्या पाण्यासकट सगळं वजन सोड्याचंच धरलं आणि घाईत तपासून पाहिलं नाही."

"मला अहवालात लिहावं लागेल. तुमच्या नोकरीच्या नोंदीला डाग लागेल..."

"लिहा," थेंबताई म्हणाली. चेहरा शोधाच्या आनंदाने अजून लालबुंद, पण आवाज ठाम. "फक्त 'मानवी चूक' असं मोघम लिहू नका. माझी, असं लिहा."