शेगडी, मीटर आणि अक्का

रात्रीच्या वॉचमनवर आळ यायला वेळ लागत नाही. जे काही जातं ते रात्री जातं, आणि रात्री जागा असतो तो एकटाच. आमच्या खोक्यांच्या कारखान्यात वीज फुकट जात होती. ती म्हणे माझी चहाची शेगडी खात होती.

नवं स्मार्ट मीटर बसल्यापासून दर अर्ध्या तासाला किती युनिट जळले ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसू लागलं होतं. यंत्रं बंद झाल्यावरही आकडा हवा तेवढा खाली येत नाही, हे मालकांनी पाहिलं आणि सरळ माझ्यावर घसरले. मी शेगडी रात्रभर ऊब घ्यायला लावतो, महिनाअखेरीला दुसरीकडे बघावं, असं त्यांनी सुनावलं. माझं डोकं फिरलं. मीही दोन शब्द जास्तच बोललो. घरी बायकोने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की या वयात दुसरं गेट मला कोण देणार.

अक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. उभा जन्म इस्पितळात नर्स म्हणून काढलेला. रिटायर झाल्यावर घरी बसून गुडघे गंजतात म्हणून दुपारी ऑफिसात यायच्या आणि भावाच्या टेबलावरचा पसारा आवरायच्या. मालक जगाला दरडावायचे, पण अक्कांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी त्यांचा आवाज बसायचा. अक्कांची एक खोड होती. पेशंटच्या तोंडाकडे बघून निदान करायचं नाही, आधी चार्ट मागवायचा. माझी बातमी कानावर गेली तेव्हाही त्यांनी तेच केलं. महिनाभराच्या नोंदी छापून घेतल्या आणि एकेका रात्रीची रेघ लाल पेन्सिलीने काढली, अगदी तापाच्या तक्त्यासारखी.

मी हिशेब मिटवायचं विचारायला गेलो, तेव्हा मालक आणि यंत्रं सांभाळणारा मिस्त्री अक्कांसमोर उभे होते.

"रोज रात्री ताप तेवढाच," अक्का म्हणाल्या. "अर्ध्या तासाला चार युनिट. फक्त या एका रात्री मधेच उतरलाय, तो सकाळपर्यंत चढलाच नाही. त्या रात्री काय झालं होतं?"

मालकांना ठाऊक नव्हतं. मी दारातूनच, जरा तुसड्या आवाजात सांगितलं, की त्या रात्री वीज गेली होती आणि थोड्या वेळाने परत आली होती.

"वीज आल्यावर तुम्ही शेगडी लावलीत, मामा?"

नाही म्हणावंसं वाटलं. पण खोटं बोलायचं तरी कुणाशी? "लावली की. दोनदा चहा केला."

अक्कांनी पेन्सिल खाली ठेवली. शेगडी चालू असूनही आकडा अर्ध्या युनिटाच्या पुढे गेलेला नव्हता. मग त्या मिस्त्रीकडे वळल्या आणि विचारलं, वीज परत आल्यावर आपणहून सुरू होत नाही असं इथे काय आहे?

मिस्त्री डोकं खाजवत राहिला. मग हळूच म्हणाला, "कॉम्प्रेसर. त्याचं हिरवं बटण हाताने दाबावं लागतं." त्यालाच आठवलं, की त्या सकाळी हवेची टाकी रिकामी होती आणि काम उशिरा सुरू झालं होतं.

सकाळी यंत्रांना दाबाची हवा तयार मिळावी म्हणून ती टाकीत भरणारा कॉम्प्रेसर रात्री बंदच करत नसत. टाकी भरली की मोटर आपोआप विसावते, मग जळतंय काय, असा सगळ्यांचा समज. त्याची घरघर मीही रोज ऐकत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

सुट्टीच्या दिवशी अक्कांनी आम्हाला बंद कारखान्यात उभं केलं. एरवी यंत्रांच्या गोंगाटात दबून जाणारी फुसफुस आता चोहीकडून ऐकू येत होती. मिस्त्रीने पाइपांच्या जोडांना साबणाचा फेस लावला, तर जागोजागी फुगे यायला लागले. टाकी भरायची, जोडांतून गळायची, मोटर पुन्हा धावायची, सकाळपर्यंत हेच. कॉम्प्रेसर बंद केला तसा मीटरवरचा आठ किलोवॅटचा, म्हणजे अर्ध्या तासाला चार युनिटचा, आकडा एकाच्याही खाली आला. मिस्त्रीचा चेहरा पडला. अक्कांनी त्याला जोड बदलून घे आणि जाताना बटण बंद कर, एवढंच सांगितलं.

मला वाटलं झालं. पण अक्का म्हणाल्या, "आता मामांची शेगडी लावा. तिचंही माप होऊन जाऊ दे."

शेगडी लावली. आकडा जेमतेम एक किलोवॅटने वर गेला. पाणी उकळेपर्यंत अक्कांनी कुणाला मीटरसमोरून हलू दिलं नाही. मालक खाली मान घालून म्हणाले, "मामा, चुकलं माझं. जाऊ नका."

माझा राग कधीच विरघळला होता. मी चहा गाळायला बसलो. नंतर अक्कांना एकटं गाठून विचारलं, तुम्ही माझ्यावर विश्वास कसा ठेवलात?

"विश्वास कुठे ठेवला? शेगडीचा दोष असता तर तोही दिसला असता. मी आधी बघितलं, एवढंच."

आयुष्यभर मला लोकांनी आधी बोलून घेतलं आणि नंतर बघितलं. या बाईंनी आधी बघितलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. अक्का कारखान्यात येतात त्या दिवशी मी ड्युटीच्या आधीच पोचतो आणि शेगडी लावतो. पहिला कप त्यांचा.