माईंनी भरलेला दंड

आमच्या वाचनालयात अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळे एकाच माणसाला घाबरतात, आणि ते माणूस म्हणजे माई. खरं नाव सुमती सावे, पण त्या नावानं हाक मारली तर त्या बहुधा वळूनही बघणार नाहीत. माहेर मुरब्याचं, सासर कुंभवलीचं. सासरच्या चिकूच्या वाडीतला बराचसा भाग औद्योगिक वसाहतीत गेला आणि माई बोईसरला आमच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून आल्या. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी कार्यवाह आहे, म्हणजे कागदोपत्री त्यांचा वरिष्ठ. हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणायची माझी हिंमत नाही.

माईंचा जीव देवघेव नोंदवहीत. पुस्तक नेल्याची तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, परतीची तारीख आणि प्रत्यक्ष परत आल्याची तारीख. पंधरा दिवस पुस्तक फुकट, पुढे दिवसाला एक रुपया. परतीची तारीख सोमवारी आली, तर सोमवारी वाचनालय बंद असतं म्हणून मंगळवारपर्यंत सूट. याखेरीज सूट ब्रह्मदेवालाही नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा मी पालघरला दवाखान्यात पडलो होतो. माई शहाळी घेऊन भेटायला आल्या, कपाळावर हात ठेवला, डोळे पुसले आणि जाताना म्हणाल्या की नरहरीभाऊ, तुमचा दंड नऊ रुपये झाला हाय. मी बरा होऊन आलो आणि आधी तो दंड भरला.

वसाहतीतल्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचं वाचनालय शुक्रवारी दिवसभर उघडं असतं. त्या दिवशी भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कामगार येतात. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, कुणी बिहारचं. माई तिघांशीही इथल्या वाडवळी बोलीच्या एकाच सुरात बोलतात आणि तिघांनाही कळतं. कामगारांची मुलंही बरोबर येतात आणि खालच्या फरशीवर पोटावर पडून वाचतात. त्यांच्यासाठी असलेली बालपुस्तकं इतकी विरली आहेत की काहींची शेवटची पानं आता फक्त माईंना तोंडपाठ आहेत. मूल शेवटाला पोचलं की माईंकडे जातं आणि माई पुढचं सांगतात. दोन वर्षं त्या समितीकडे बालविभागासाठी नव्या पुस्तकांचं एक कपाट मागत होत्या आणि दोन वर्षं आम्ही पुढच्या वेळी बघू म्हणत होतो.

यंदा समितीवर समिधा आली. ती एका कारखान्यात हिशेब बघते, वय तिशीतलं, बोलणं मोजकं. तिनं पहिल्याच बैठकीत सांगितलं की नोंदवही संगणकावर घेऊ या. माईंनी नाक मुरडलं, पण वही दिली. समिधानं वर्षभराच्या नोंदी एकेक करून चढवल्या आणि तीन पत्रकं तयार केली. पहिल्यात कुणाकडे किती दंड बाकी आहे ते. दुसऱ्यात सध्या कोणत्या सभासदाकडे कोणती पुस्तकं आहेत ते. जिथे परत आल्याची तारीख रिकामी, ते पुस्तक बाहेर, इतकं सोपं. तिसऱ्यात कोणतं पुस्तक वर्षात किती वेळा नेलं गेलं, म्हणजेच मागणी कशाला आहे, ते. अनुदानातून पुस्तकं घ्यायची वेळ आली होती आणि अध्यक्षांना तिसरं पत्रक फार आवडलं. यंदा आपल्या मनानं नको, वाचकांच्या मागणीनं खरेदी करू, असं ते म्हणाले. मलाही ते पटलं.

बैठकीला समिधानं ते पत्रक वाचलं. पहिल्या क्रमांकावर होतं दुभत्या जनावरांच्या निगेचं पुस्तक. वर्षात चोवीस वेळा नेलेलं. दुसऱ्या क्रमांकाची कादंबरी अकरावर थांबली होती.

अध्यक्ष आनंदले. चिमण्यांच्या धुरात राहून माणसाची ओढ मातीकडेच असते, असं काहीतरी ते बोलले. या पुस्तकाच्या पाच प्रती आणि त्याच विषयावरची आणखी पुस्तकं घ्यावीत, म्हणजे यंदाचं अनुदान सत्कारणी लागेल, असा प्रस्ताव आला. बालपुस्तकांचा विषय मीच काढला, कारण माई माझ्याकडे बघत होत्या. समिधानं पत्रक खालपर्यंत तपासलं आणि सांगितलं की बालविभागात वर्षभरात देवघेव जवळजवळ शून्य आहे. यंदाही कपाट गेलं, असं मी मनात म्हटलं आणि ठराव लिहायला पेन उघडलं.

तेवढ्यात माई उभ्या राहिल्या. बैठकीत त्या कधी उभ्या राहत नाहीत, बसूनच सगळ्यांना गप्प करतात. त्यांनी पदर खोचला, सोडला, परत खोचला.

"ते पुस्तक एकच माणूस वाचतो हाय," त्या म्हणाल्या. "चोवीस वेला मीच लिवलाय."

कुणालाच काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं. नागोराव नावाचा एक सभासद आहे, हिंगोलीकडचा, एका कारखान्यात बॉयलरवर. ठेकेदाराचा माणूस, त्यामुळे शुक्रवारची सुट्टी कधी मिळते, कधी नाही, आणि शिफ्ट सुटेपर्यंत वाचनालय बंद होतं. त्यानं ते पुस्तक गेल्या वर्षी नेलं. गावी त्याच्या बायकोनं, साखरबाईनं, बचत गटातून म्हैस घेतली होती. साखरबाईला वाचता येत नाही. म्हणून नागोराव खोलीवरून फोनवर तिला पुस्तक वाचून दाखवतो. आज खुराक, उद्या कासेचा दाह, परवा गाभण म्हशीची काळजी. म्हैस जशी पुढे जाते तसं पुस्तक पुढे जातं, मध्येच मागेही जावं लागतं. पंधरा दिवसांत ते कसं संपणार?

मुदत वाढवायची तर पुस्तक घेऊन समोर यावं लागतं, असा आमचा नियम आहे. नागोरावला येता येत नव्हतं. दिवसाला रुपया त्याला परवडला असता की नाही कुणास ठाऊक, पण माईंना तो घ्यायचा नव्हता. म्हणून दर पंधरा दिवसांनी, परतीच्या तारखेला, त्या नोंदवहीत पुस्तक परत आलं असं लिहीत आणि खालच्याच ओळीत त्याच्याच नावावर पुन्हा दिलं असं लिहीत. पुस्तक मात्र वर्षभर त्याच्या खोलीवर. त्यामुळे दंडाच्या पत्रकात नागोराव शून्य, बाहेरच्या पुस्तकांच्या पत्रकात एक पुस्तक आणि तेही मुदतीत. आणि मागणीच्या पत्रकात ती म्हैस चोवीस वेळा.

"आनि पोरांचा?" समिधानं विचारलं. ती मूळची इथलीच, माईंशी बोलताना तिची भाषा घरची होते. "पोरांचा शून्य कसा?"

माईंनी मान खाली घातली. मुलांच्या नोंदी त्या करतच नव्हत्या. पुस्तक इथे बसून वाचलं काय, चार दिवस घरी नेलं काय, वहीत काहीच नाही. नाव लिहिलं की परतीची तारीख आली, तारीख आली की दंड आला, आणि दंडाच्या भीतीनं आईबापांनी पोराला वाचनालयात पाठवलंच नाही तर, असं त्यांना वाटायचं. एकाला वाचवायला ओळी वाढवल्या, दुसऱ्यांना वाचवायला ओळी लिहिल्याच नाहीत. आणि आता नागोरावच्या ओळी पोरांचं कपाट खात होत्या.

मला रागच आला. ज्या बाईनं मला डेंग्यूत सोडलं नाही तिनं वर्षभर खोट्या तारखा लिहाव्यात? आणि त्याच क्षणी मला त्यांची इतकी माया आली की मी पेनचं टोपण शोधण्याचं निमित्त करून खाली वाकलो. समिधा शांतपणे म्हणाली की पत्रक चुकलेलं नाही, वहीत जे लिहिलं तेवढंच ते मोजणार. तिनं नागोरावचा सभासद क्रमांक टाकला. चोवीसच्या चोवीस ओळी त्याच्याच निघाल्या, एकीची परत तारीख आणि दुसरीची दिल्याची तारीख तीच. ते सगळं एकच नेणं धरलं तर मागणी एक, आणि उशिराचा दंड तीनशे पस्तीस रुपये.

अध्यक्षांनी हात झटकला. जाऊ द्या, पुस्तकाची किंमतही एवढी नसेल, ते म्हणाले. त्यांना माई दुखावायला नको होत्या, आम्हा कुणालाच नको होत्या. पण माईंनी पिशवीतून पाकीट काढलं होतं.

"मी कुनाला सोडलाय का आजपर्यंत?" त्या म्हणाल्या. "मंग मला कशाला सोडता? नरहरीभाऊ, पावती फाडा."

मी फाडली. नावाच्या जागी मी नागोराव लिहायला लागलो, तर माईंनी बोट ठेवून थांबवलं आणि आपलं नाव लिहून घेतलं. मग त्यांनी ती पावती चष्मा लावून वाचली आणि तारीख घालायची राहिली म्हणून मला परत दिली.

त्या बैठकीत म्हशी रद्द झाल्या. बालविभागाचं कपाट मंजूर झालं, पण समिधानं एक अट घातली आणि माईंनी ती निमूट मानली. मुलांची प्रत्येक देवघेव वहीत यायला हवी, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा शून्य. मुलांना दंड नाही, असा ठरावच केला. शिवाय मुदतवाढ फोनवर करता येईल, मात्र त्या पुस्तकाला दुसऱ्या कुणाची मागणी नसेल तरच, आणि मुदतवाढ वेगळ्या रकान्यात लिहायची, मागणीत मोजायची नाही. इतके साधे नियम आम्हाला आधी का सुचले नाहीत? माईंच्या वहीत सगळं ठीक दिसत होतं म्हणून.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम सकाळीच गेलो. माईंसमोर मुलांची रांग होती. किंजल नावाची एक चिमुरडी आपलं नाव वहीत कसं दिसतं ते बघायला टेबलावर चढायच्या बेतात होती. प्रत्येकाला आपलं नाव आणि क्रमांक हवा होता. माई लिहून लिहून घामाघूम झाल्या होत्या आणि पोरांवर खेकसत होत्या, पण इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

रांगेच्या शेवटी एक सडपातळ माणूस उभा होता, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. माईंचा निरोप त्याला पोचला होता. त्यानं मुलांना पुढे जाऊ दिलं आणि सगळ्यात शेवटी टेबलाशी येऊन पुस्तक ठेवलं. खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या.

"तुमी माज्यापायी भरले म्हनं. हे घ्या, माय."

"तुज्यापायी नाय," माई म्हणाल्या. "खोटा मी लिवला, दंड मीच भरला. ठेव ते."

त्यानं नोटा तशाच हातात धरल्या. म्हैस व्याली का, असं मी मध्येच विचारलं. दोन महिने बाकी आहेत, असं म्हणताना तो पहिल्यांदा थोडा मोकळा झाला. मग टेबलावरच्या पुस्तकाकडे बघून म्हणाला की व्याल्यानंतरचं अजून वाचून दाखवायचं राहिलंय, पण आता पुस्तक परत करायलाच हवं, दुसऱ्या कुणाला लागत असेल.

माईंनी पुस्तक उचललं. वर्षभरात ते पहिल्यांदा त्यांच्या हातात आलं होतं. बाहेर गेलेलं पुस्तक हवं असेल तर सभासद जिच्यात नाव नोंदवतात ती मागणीची वही त्यांनी उघडली, पान पान बघितलं. त्या पुस्तकासाठी कुणाचंही नाव नव्हतं. मग देवघेव नोंदवहीत त्यांनी परत आल्याची तारीख लिहिली, या वेळी खरी, आणि खालच्या ओळीत पुन्हा त्याचं नाव लिहून पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं.

"पंधरा दिस," त्या म्हणाल्या. "नाय जमला तर फोन कर. नाय केलास तर दिवसाला रुपया, आनि तो मी तुज्याकडून घेनार."