बाटलीतून वीस, नाकात चाळीस

आमच्या गल्लीतले जैनुद्दीनभाई मुलाणी मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात 'आयोडिनच्या खोली'त कामाला होते. थायरॉइडच्या पेशंटला किरणोत्सारी आयोडिन मोजून पाजायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं किती गळ्यात उतरलं ते यंत्रानं बघायचं, ही ती खोली. वडील तंबोरे करायचे, भाई ड्रॉपर धरायचे. वॉर्डबॉय म्हणून लागलेला माणूस बारा वर्षांत त्या खोलीची किल्ली कमरेला बाळगू लागला, आणि चालताना ती वाजली नाही तर कुणी ओळखत नसे.

भाईंची एक खोड होती. बारीक काचनळीनं औषध ओढायचं ते तोंडानं. त्यासाठी रबरी फुगा आलेला, पण भाई म्हणायचे, "फुग्याला काय कळतंय? ओठाला अंदाज असतोय." गणपतीनंतर डॉक्टर कानिटकरांनी भिंतीवर कागदच डकवला: तोंडानं ओढताना जो दिसेल तो या खोलीतून बाहेर. डॉक्टरांची बोलायची तऱ्हा म्हणजे, "असं आहे की," आणि मग एक लांब श्वास, आणि मग समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात एका बुधवारी आटपाडीच्या गाडीनं पाच पेशंट आले. मोजणीला उद्या पुन्हा यायचंच, पण आज दुपारची परतीची गाडी चुकली की त्यांना मिरजेतच मुक्काम, म्हणून भाईंना घाई. फुगा सावकाश भरतो. भाईंनी नळी ओठाला लावली. तेवढ्यात दाराशी नर्स अंजनानं पुढच्या पेशंटचं नाव विचारलं, भाईंनी मान वळवली, ओढ जास्त गेली, आणि दोन दशांश मिलिलिटर घशाखाली. मुंगीला पाजावं एवढंच. चव पाण्याची. भाईंनी नळी पुन्हा भरली, पेशंटला दिली, आणि तोंडातून शब्द काढला नाही. किल्ली वाचवायची होती.

गुरुवारी सकाळी पेशंट यायच्या आधी अंजना समोर कुणी नसताना यंत्राची रिकामी मोजणी घेत होती. आकडा मधेच उडायचा, मधेच बसायचा. तिसऱ्यांदा तिच्या ध्यानात आलं की भाई जवळ आले की उडतो. तिनं त्यांना खुर्चीत बसवून यंत्राचं तोंड गळ्यासमोर आणलं. भाईंच्या गळ्यात पाच मायक्रोक्युरी होते; किरणोत्सारी आयोडिन मोजायचं ते माप.

त्याच आठवड्यात मुंबईहून किरणसुरक्षेच्या देवस्थळीबाई तपासणीला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, कसं झालं. भाई म्हणाले, वास घेतला गेला असणार, बाटली उघडताना वाफ आली, आणि अर्जुनाचा पंखा काय नीट ओढत न्हाई. अर्जुना म्हणजे दवाखान्याचा फिटर. बाटली ज्या काचेच्या कपाटात उघडायची, त्याची हवा ओढणारा पंखा त्याच्या ताब्यात.

अर्जुनाला बोलावलं. तो दारातच उभा राहिला. "आवं भाई," एवढंच म्हणाला आणि भाईंकडे बघत राहिला. मग बाईंना म्हणाला की पंखा सोमवारी साफ केलाय, कागदाचा कपटा लावून बघा, चिकटून बसतोय. डॉक्टर म्हणाले, असं आहे की, आणि लांब श्वास घेतला. त्यातून सगळ्यांना कळलं की अर्जुनाची पगारवाढ गेली.

देवस्थळीबाई प्रत्येक वाक्य "म्हणजे बघा हं"नं सुरू करायच्या आणि पेन्सिल कानावर ठेवायच्या. त्यांच्याकडे त्याच वर्षी आलेलं गुणकांचं नवं पुस्तक होतं. त्यांनी भाईंना शेजारी बसवूनच मांडणी केली. छातीवरचा किरण मोजायचा बिल्ला बाहेरून आलेलं सांगतो, आत गेलेलं नाही. ते असं काढावं लागतं. आधी आत किती गेलं ते. नाकानं गेलेल्यातला दुसऱ्या दिवशी जवळजवळ आठवा भाग गळ्यात सापडतो. गळ्यात पाच, म्हणजे आत गेले चाळीस मायक्रोक्युरी. मग गुणक: हुंगलेल्या दर मायक्रोक्युरीमागे साऱ्या शरीराच्या हिशोबानं तेहतीस मिलिरेम, म्हणजे अंगाला लागलेल्या किरणांचं माप. चाळीस गुणिले तेहतीस, तेराशेवीस. हजार मिलिरेमचा एक रेम, म्हणजे एक पूर्णांक तीन रेम.

"ह्यो डोस एका दिवसाचा?" भाईंनी विचारलं.

"म्हणजे बघा हं, आज आत गेलेलं पुढच्या पन्नास वर्षांत जे काही देईल, ते सगळं आजच तुमच्या नावावर मांडायचं. आयोडिन आठ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे तुमचं दोन-तीन महिन्यांतच देऊन संपेल. पण पद्धत पन्नासची." वर्षाची हद्द पाच रेम, तेव्हा आपण आत आहोत, असं म्हणून त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. भाईंचा जीव भांड्यात पडला.

मग बाईंनी बाटली मागितली. भाईंच्याच अक्षरातली नोंद होती: बुधवारी सकाळी दहा मिलिलिटर, दर मिलिलिटरला शंभर मायक्रोक्युरी. पाच पेशंट, प्रत्येकी दोन दशांश. नऊ उरायला हवे होते. बाईंनी मोजले, आठ पूर्णांक आठ; दोन दशांश कमी, म्हणजे वीस मायक्रोक्युरी.

त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली.

"भाई, बाटलीतून तर वीसच गेलेत. तुमच्या नाकात चाळीस कुठून आले?"

बाईंनी कागद उलटा करून दुसरी मांडणी केली. गिळलं असेल तर दुसऱ्या दिवशी पाव भाग गळ्यात असतो. पाचाला चारनं गुणलं की वीस. बरोब्बर. गिळलेल्या आयोडिनचा गुणक वेगळा: दर मायक्रोक्युरीला नुसत्या थायरॉइडला एक पूर्णांक अठ्ठ्याहत्तर रेम. वीस गुणिले तेवढे, सुमारे साडेपस्तीस. साऱ्या शरीराच्या हिशोबात थायरॉइडचा वाटा शेकडा तीन धरतात, म्हणून त्याला शून्य पूर्णांक शून्य तीननं गुणायचं. एक पूर्णांक एक रेम. एका अवयवाची नव्या पुस्तकातली हद्द पन्नास; गळ्याचे साडेपस्तीस तिच्या आत बसत होते, पण काठाकडे.

"डोस तर जवळपास तोच आला की," भाई हळू म्हणाले. "मग खोटं बोलून मी काय मिळवलं?"

अर्जुना कपाटाच्या काचेवरचा डाग नखानं खरवडत होता. भाईंनी त्याच्याकडे न बघताच डॉक्टरांना सांगितलं, "पंख्याचं काय न्हाई, सायेब. मी तोंडानं ओढलं."

अर्जुना म्हणाला, "मला माहीत होतं, भाई. तुमच्या ओठाला लय अंदाज." आणि पंखा चालू करून निघून गेला.

बाईंनी नोंदवही पुढे केली, 'कसे आत गेले' या रकान्यात भाईंनी स्वतः लिहायचं. त्यांनी 'गिळले' लिहिलं. मग विचारलं, काल लगेच सांगितलं असतं तर काय झालं असतं? बाई टाळू लागल्या. भाईंनी पुन्हा विचारलं.

"म्हणजे बघा हं," बाई म्हणाल्या, पण या वेळी पेन्सिलीला हात लावला नाही. "तासाभरात साध्या आयोडिनची गोळी दिली असती, तर गळा आधीच भरला असता. यातलं फार थोडं तिथं बसलं असतं. साडेपस्तीसच्या जागी चार, पाच. आज गोळी देऊन आता काही उपयोग नाही."

गोळ्यांची डबी त्याच खोलीत, भाईंच्याच किल्लीच्या कपाटात होती. पेशंटनं चुकून सांडलं तर म्हणून त्यांनीच ती तिथं ठेवली होती.

सोमवारपासून केसपेपरच्या खिडकीत बसा, असं डॉक्टर म्हणाले, लांब श्वास न घेता, आणि किल्लीसाठी हात पुढे केला. घरी भाईंनी बायकोला, मदिनाबीला सगळं सांगितलं, डॉक्टर, बाई, अर्जुना, सगळ्यांच्या आवाजात, आणि ती हसली सुद्धा. मग तिनं विचारलं, "और तुम? तुम क्या बोले उस टैम?"

भाईंना स्वतःचा आवाज काढता आला नाही. ते कंबर चाचपत राहिले.