कुट्टीमशीनचा नंबर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नातीचं आयटीआय. दोन वर्षं बीडला राहून तिने इलेक्ट्रिशियनचा कोर्स पुरा केला आणि सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी आली. नंतर महिनाभर ती सकाळच्या एसटीने बीडला जायची आणि दिवस मावळायला तशीच परत यायची. मोटार वाइंडिंगच्या प्रत्येक दुकानात एकच प्रश्न होता. अनुभव किती?

एका दुकानदाराने तिला निदान खरं सांगितलं. "पोरी, गिऱ्हाइकाची मोटार तुझ्या हातात दिली अन् जळाली, तर तो माझ्या नावानं बोंबलंल. आधी कुठं तरी शिकून ये."

"शिकूनच आलेय," ती म्हणाली.

"ते शाळेतलं. मी कामातलं म्हणतो."

तिने हे मला घरी येऊन सांगितलं. दुकानदाराचं मला पटलं. आयटीआयमध्ये एकच जुनी मोटार होती. एका पोराने गुंडाळायची, दुसऱ्याने उकलायची, तिसऱ्याने तीच तार पुन्हा गुंडाळायची. हे तिनेच मला सांगितलं होतं.

मुलगा आणि सून ऊस तोडायला जातात. नवराबायको मिळून एक कोयता; मुकादम उचल देतो ती जोडीलाच, एकट्याला नाही. सुनेच्या माहेराकडून नातीसाठी स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, पण त्यालाही कोयताच पुरा करायचा होता. जाण्याआधी मुलाने मला आणि तिला समोर बसवलं.

"माय, पाडव्याला आमी येऊस्तोवर हिला चार ठिकाणांहून कामाला बोलावणं आलं, तर मी लग्नाचं नाव काढणार न्हाई. न्हाईतर पुढच्या सालाला हिचाबी कोयता."

मला तो करार वाजवी वाटला. बाकीच्या घरांत पोरींना इतकंही कुणी विचारत नव्हतं.

समोरच्या खोलीत दुकान काढायचं ठरलं. तिचं म्हणणं, पोळ्यालाच सुरू करू, माणसं गावात आहेत तोवर. मी ऐकलं नाही. आम्ही बौद्ध. मुहूर्त पाहत नाही, पण धम्मचक्राचा दिवस सोडायचा नाही, हा हट्ट माझा. त्या दिवशी तिने बाबासाहेबांच्या फोटोला वंदन करून पाटी लावली. वीसेक दिवसांत मुकादमाचे ट्रक आले आणि गाव भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन निघून गेलं. दुकान उघडायला मी नेमका गाव रिकामं व्हायचा महिना शोधला होता. ही चूक माझी, आणि ती तिने एकदाही बोलून दाखवली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिने तीन धंदे योजले होते. विहिरीच्या मोटारी, घरातली वायरिंग, पंखे-मिक्सरची दुरुस्ती. पाऊस झाला नव्हता, विहिरींचे तळ दिसत होते, मोटारी वर काढून ठेवल्या होत्या. घरांना कुलपं होती. कुलपातल्या घरात पंखा कुणाचा बिघडणार? मागे राहिलेलो आम्ही म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. तीन महिन्यांत एक बॅटरी आणि एक इस्त्री आली. ती पान्हे पुसून ओळीत लावायची. मी भाकरी टाकायचे. दोघी दिवसभरात दहा शब्द बोललो तर खूप. गल्लीतून कुत्रं गेलं तरी आम्ही दोघी मान वर करून पाहायचो.

संक्रांतीनंतर घरातला चारा संपला. दूध सोसायटीने दोन कोसांवर जनावरांची छावणी उघडली होती. मी दोन्ही गाया घेऊन तिकडे गेले. दुकान बंद करून नातही आली. उघडं ठेवून कोण येणार होतं?

छावणीत शेकडो जनावरं आणि तितकीच माणसं होती, पण जो तो आपल्या दावणीपाशी. बाजेवर आडवं व्हायचं, टँकरची वाट पाहायची, चारा आणायचा. सोसायटीने एक कडबा कुट्टी मशीन बसवली होती. कडबा अख्खा टाकला तर जनावर अर्धा तुडवतं, म्हणून कापून घालायचा. मशीनपुढे सकाळपासून रांग असे.

आम्ही गेलो त्याच्या चौथ्या दिवशी मशीन बंद पडली. बटण दाबलं की नुसती घुमायची, फिरायची नाही. सोसायटीचा सचिव आला, मोटारीचा वास घेतला आणि म्हणाला, "जळाली. बीडला पाठवा."

"कवा येईल परत?" कुणी तरी विचारलं.

"चार-पाच दिस."

मी म्हणाले, "माझी नात बघंल. तिनं ह्येच शिकलंय."

सचिव हसला. "आज्जे, ह्ये काय भाकरी थापणं हाय का? अनुभव हाय का हिला?"

"अनुभव न्हाई," नात स्वतःच म्हणाली. "वाइंडिंग जळालं असलं तर मी हात लावणार न्हाई, बीडलाच पाठवा. पर जळाल्याचा वास येत न्हाई. आधी बघू तर द्या."

तिने लाईट बंद करायला लावली. पट्टा उतरवला. हाताने पुली फिरवून पाहिली, मोकळी फिरत होती. मग पुलीवर दोरी गुंडाळली, सगळ्यांना मागे सारलं, लाईट परत चालू करायला लावली, मला बटण दाबायला सांगितलं आणि दोरी ओढली. मोटार सुरू झाली.

"मोटार चांगली हाय," ती म्हणाली. "कंडेन्सर गेलाय. सुरू व्हायला जो धक्का लागतो, तो त्योच देतो."

दुसऱ्या दिवशी ती बीडहून त्याच मापाचा कंडेन्सर घेऊन आली आणि बसवला. मशीन चालली. एक म्हातारा म्हणाला, "आता आमच्या म्हशीचं दूधबी वायरीनंच काढ." लोक हसले. ती हसली नाही, पण त्या दिवशी तिने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी कंडेन्सर पुन्हा गेला.

आता कुणी हसलं नाही. सचिव म्हणाला, "शिकाऊ माणसाला काम दिलं की असंच व्हतं." रांगेतले लोक तेच म्हणाले, आमच्या दावणीवरून जाताना जरा मोठ्याने. ती बाजेवर तोंड फिरवून पडली.

"आज्जे, लावला तर बरोबर होता."

"मंग जळाला कावून?"

"ठाव न्हाई."

"ठाव न्हाई तर जाऊन बघ. हितं पडून काय दिसणार हाय?"

समजूत घालणं मला कधी जमलं नाही. ती रागाने उठली आणि मशीनजवळ दगडावर जाऊन बसली. तिथे कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. त्याच मापाचा दुसरा कंडेन्सर तिने पदरच्या पैशांनी आणला होता. तो बसवून ती तिथेच बसून राहिली. दुपारी लाईट गेली. लाईट आली की काय होतं, हे तिने पाहिलं आणि चटकन उठून बटण बंद केलं.

छावणीत एक रिवाज पडला होता. लाईट गेली की ज्याचा नंबर चालू असेल तो आपला कडबा मशीनच्या तोंडात तसाच कोंबून ठेवायचा आणि दावणीला जायचा. तोंडात ज्याचा कडबा, नंबर त्याचा. कडबा काढला तर नंबर गेला. त्यावरून भांडणं झाली होती, म्हणून सगळे तो नियम पाळत होते. त्यात बटणही कुणी बंद करत नव्हतं, लाईट आल्याचं लांबून कळावं म्हणून. लाईट यायची ती कमी दाबाने. तोंड गच्च भरलेलं, पातं अडकलेलं, मोटार जोर लावायची पण वेग घ्यायची नाही. कंडेन्सरने क्षणभर धक्का देऊन सुटायचं असतं. मोटारीने वेग घेतल्याशिवाय तो सुटत नाही. तापत राहतो आणि फुटतो.

तिने हे सचिवाला सांगितलं. सचिवाने लोकांना सांगितलं. लोक म्हणाले, "मंग नंबर कसा ऱ्हायचा?"

"मशीनच्या तोंडात न्हाई, बाजूला ठिवा," ती म्हणाली. "आपलं दावं ठिवा. ज्याचं दावं पुढं, त्याचा नंबर."

"दावं कुणीबी उचलंल."

"उचलू द्या की त्याला," मी म्हणाले. "मी बसते हितं."

मी बसले. हातात काठी घेऊन, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, दीड महिना, लोकांना नियमाची सवय लागेपर्यंत. लाईट गेली की आधी बटण बंद, मग तोंडातला कडबा बाहेर, मग दावं ओळीत. लाईट आली की मशीन रिकामी सुरू करायची, वेग घेऊ द्यायचा, आणि मगच पहिली पेंढी. एकाने मला म्हटलं, "आज्जे, तुमी काय मशीनच्या मालकीण हायसा का?" मी म्हटलं, "न्हाई. तुझी आज्जी हाय. पेंढी काढ." लोक मला टाळू लागले. तेही बरंच झालं, बसून बोलत राहिले असते तर कुणाचं तरी दावं पुढे सरकलं असतं.

तो कंडेन्सर छावणी उठेपर्यंत टिकला.

खरं तर तिने दुरुस्त केली मशीन, पण धंदा निघाला तो मशीन बिघडू न देण्यातून. पलीकडच्या दोन छावण्यांच्याही मशिनी वरचेवर बंद पडत होत्या. सचिवाने तिकडे हिचं नाव सांगितलं. ती आठवड्यातून एकदा जायची. पट्ट्याचा ताण, वायरीचे सैल सांधे, अर्थिंग पाहायची आणि नंबरचा नियम समजावून यायची. मग सोसायटीने दूध केंद्रातली वायरिंगही तिला दाखवली. तिथे एका जागी तिला उमगलं नाही, तर तिने तसं सांगितलं आणि आयटीआयच्या सरांना फोन लावून विचारून घेतलं. सचिव तिला आता शिकाऊ म्हणत नव्हता. अनुभवी म्हणाला असंही नाही.

पाडव्याला मुलगा आणि सून परत आली. मुलाने बोटांवर मोजलं. "तीन छावण्या अन् एक दूध केंद्र. म्या तर घरं म्हणलोतो."

"तू ठिकाणं म्हणलाता," मी म्हणाले.

त्याने बोटांवर पुन्हा एकदा मोजलं. मग सुनेला म्हणाला, "तुझ्या भावाला निरोप धाड. स्थळ न्हाई म्हणावं."

पाऊस झाल्यावर छावण्या उठल्या. पण कुट्टीमशिनी आता बऱ्याच घरांत आल्या होत्या आणि नातीने हिशेब पक्का धरला होता: लोक उसाला जाण्याआधी, पोळ्यापासूनच, गावोगाव फिरून मशिनी तपासायच्या. त्यासाठी आमचं गाव आडवळणी. तिने शिरूर कासारला स्टँडजवळ खोली घेतली. मला म्हणाली, "चल, आज्जे."

"गाया कुणी बघायच्या?"

"इक."

"इकत न्हाई."

त्या वर्षी ट्रक आले, मुलगा आणि सून गेली. ती शिरूरला. गल्लीत पुन्हा कुलपं. शेजारची म्हातारी पावसाळ्यात वारली होती, त्यामुळे पलीकडून खोकल्याचाही आवाज येत नव्हता. कधी कधी मी गाईशी बोलते, पण ती काही लई बोलकी नाही.

अधूनमधून फोन लावते. मागे मशीनची घरघर असते.

"कामात हाय, आज्जे. मंग बोलते."

मंग म्हणजे रविवार, हे मला कळलं आहे. मी म्हणते, "कर काम," आणि ठेवते. मला हेच पाहिजे होतं. त्यासाठी दीड महिना काठी घेऊन बसले होते. तेव्हा आता कुरकुर कुणाजवळ करायची? रविवारपर्यंत चार दिवस असतात. ते जातात.